‘काव आणि चुना’: भिंत कळते, फोटोंत दिसत नाही

पेडण्यातल्या आमच्या गावच्या देवळात ज्या भिंतीला पाठ टेकून मी लहानपणापासून आरत्या म्हटल्या, तिच्यावरची लाल-पांढरी नक्षी म्हणजे रंगकाम, असाच माझा समज होता. ‘काव आणि चुना’ हे कावी या भित्तिकलेवरचं पुस्तक वाचल्यावर सुट्टीत मी ते आणि टॉर्च घेऊन त्याच भिंतीपाशी गेले. त्यामुळे हे परीक्षण घरी बसून लिहिलेलं नाही.

कावी रंगवलेली नसते, ती कोरलेली असते. शिंपले भाजून केलेला चुना, वाळू आणि गूळ यांचा गिलावा; तो ओला असतानाच वर लाल कावेचा थर; मग सळईने नक्षी आखून नको तेवढी काव खरवडायची, की खालचा पांढरा चुना वर येतो. चुना सुकायच्या आत हे आटपावं लागतं. कामाची ही रीत लेखिकेने पहिल्या प्रकरणात इतकी नेमकी मांडली आहे की, गवंडी शेजारी उभा राहून काम करतोय असं वाटतं.

खरा वाद दुसऱ्या प्रकरणात सुरू होतो. इटलीतली स्ग्राफितो, म्हणजे गिलाव्याचे थर खरवडून नक्षी काढण्याची कला, पोर्तुगीज काळात इथे गोव्यात आली आणि आपल्या कारागिरांनी ती उचलली, असं एक मत आहे. लेखिकेला ते मान्य नाही. त्या थेट सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार-लेखक वासारी याच्याकडे जातात. त्याने 1550 च्या ग्रंथात दिलेल्या रीतीत खालचा थर जळक्या गवताने काळा केलेला, वरचा पांढरा. खरवडलं की काळं दिसतं. आपल्याकडे बरोबर उलट! खाली पांढरं, वर लाल. हा मुद्दा वाचून मी वही बाजूला ठेवली आणि ती दोन पानं पुन्हा वाचली.

पण एवढ्यावरून ‘कावी पूर्णपणे इथलीच’ असा निकाल देता येईल का? खरवडण्याची कल्पना बाहेरून आली आणि कारागिराने हाताशी होती ती काव वापरली, तरी थर असेच पडले असते. या शक्यतेला लेखिका उत्तर देत नाहीत. सिंधुदुर्गापासून कुमठ्यापर्यंतच्या कावीची नोंद असलेलं चौथं प्रकरण मात्र फार मोलाचं आहे. पोर्तुगीजांची सत्ता नसलेल्या मुलखातही ही कला एवढी रुजली होती, हे त्यांनी गावागणिक दाखवलंय. या पुस्तकातला सर्वांत भक्कम पुरावा हाच.

कच्चा भाग आहे तो काळ ठरवण्याचा. जुन्या काबिजादींतली, म्हणजे पोर्तुगीजांनी गोव्यात सोळाव्या शतकात घेतलेल्या मुलखातली, देवळं त्याच शतकात पाडली गेली. लेखिकेने तपासलेल्या गोव्यातल्या भिंती जवळजवळ सगळ्या नव्या काबिजादींतल्या, म्हणजे अठराव्या शतकात त्यांच्या हाती आलेल्या मुलखातल्या. म्हणजे ज्या भिंती या प्रश्नाचं उत्तर देऊ शकल्या असत्या, त्याच उरलेल्या नाहीत. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराबद्दल लिहिताना त्या स्वतःच बजावतात की, शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये देऊळ पुन्हा बांधायला लावलं म्हणून आजचा गिलावा त्याच वर्षीचा ठरत नाही. अगदी योग्य! मग पुढच्या प्रकरणात सात भिंतींना निव्वळ नक्षीच्या वळणावरून ‘सतरावं शतक’ कसं लावलं? तिथे तोच नियम का विसरला गेला?

आता चित्रं. 94 फोटो आहेत आणि बहुतेक समोरून फ्लॅश मारून काढलेले. कावीचा प्राण तिच्या खोलीत आहे. फ्लॅशने ती सपाट होते आणि नक्षी छापील कापडासारखी दिसते. छपाईत काव नारिंगी झालीय. फोटोत मोजपट्टी नसल्याने कमळ वीतभर की हातभर, हे कळायला मार्ग नाही. एक गणपती तर उलटा छापलाय. मजकुरात सोंड डावीकडे, चित्रात उजवीकडे. ज्या ग्रंथाचा सगळा युक्तिवाद थरांवर उभा आहे, त्यात चित्र हाच पुरावा असतो. तिथे ही हयगय मला फार लागली. रेखाटनं मात्र सुंदर आहेत, एकेक रेघ विचार करून काढलेली.

आमच्या देवळात मी टॉर्च भिंतीला टेकवून तिरका धरला, तेव्हा लाल पाकळ्यांच्या कडा उठून आल्या. कमळाच्या बरोबर मध्यात एक बारीक भोक दिसलं, कंपासाचं टोक रोवल्याचं. बोट फिरवलं तर नखात बसेल एवढंच. पुस्तकात या भिंतीचा फोटो आहे, पण हे भोक त्यात दिसत नाही.

जीर्णोद्धाराच्या नावाखाली कावीवर ऑइलपेंट आणि टाइल्स चढताहेत, याला पुस्तकात जेमतेम एक पान मिळालंय. आमच्या देवळाची उत्तरेकडची भिंत गेल्या वर्षीच पिवळ्या रंगाखाली गेली. राहिलेल्या भिंतीचं काम दिवाळीनंतर काढायचं ठरतंय. त्याआधी मोजपट्टी लावून, तिरक्या उजेडात तिचे फोटो घ्यायला मी जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर इतिहास विभागात मला भेटा. पुस्तक ग्रंथालयात परत केलंय, चौथं प्रकरण वाचून या.