तीन अक्षरं, एक साचा
(इयत्ता नववी, शेवटचा तास. बाकांच्या चार रांगा, चार संघ: मासुंदा, कचराळी, उपवन, आंबेघोसाळे.)

मी फळ्यावर तीन व्यंजनं देईन आणि एक साचा. व्यंजनं १, २, ३ च्या जागी बसवा, शब्द ओळखा. वेळ अर्धा मिनिट. शब्दाला दोन गुण, अर्थही सांगितलात तर आणखी एक.

ही अरबी भाषेची रीत आहे. शब्द फारसीवाटे मराठीत आले आणि इथलेच झाले. शब्द मराठीत वापरात हवा. मागच्या तुकडीतल्या एकाने क-ब-ज वरून ‘मकबूज’ काढला. साच्यात चोख बसतो, अरबीत आहेही, पण तुमची आजी म्हणते का? गुण नाही.

पहिला साचा: १-आ-२-ई-३. काम करणारा.
ज-ल-म (जुलूम): जालीम.
ह-क-म (हुकूम): हाकीम.
क-ब-ज (कब्जा): हा सोपा आहे. गड काय करतात? काबीज.
न-ज-र (नजर): नाझीर, म्हणजे नजर ठेवणारा. आपल्याकडे कोर्टातला ‘नाझर’ तो हाच. ज चा झ झाला, ई गळाली. ‘नाझर’ म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण.

दुसरा साचा: म-१-२-ऊ-३. ज्याच्यावर काम झालं तो.
न-ज-र पुन्हा: मंजूर. मूळ अर्थ ‘पाहिलेला’. साहेबांनी नजरेखालून घातला, अर्ज मंजूर! न चा अनुस्वार झाला एवढंच.
ज-ब-र (जबरी): मजबूर.
ज-ब-त: मजबूत. याचं भावंड सांगणाऱ्याला दोन जादा गुण. उत्तर ‘जप्त’. दोन्हींत घट्ट धरणं आहे.
सापळा: कुणीतरी ‘मजदूर’ म्हणेलच. तो मुळातच फारसी, त्याला तीन व्यंजनांचं मूळ नाही. एक गुण वजा.

तिसरा साचा: त-१-२-ई-३. काम करवणं किंवा नीट करणं.
फ-स-ल (फैसला): तपशील. फ चा प, स चा श. इथे संघांनी भांडू नये, बदललेली अक्षरं चालतात.
ह-स-ल: तहसील. दाखल्यासाठी घरच्यांनी कचेरीत खेटे घातले असतील, त्यांना विचारा. वसुली करणं, हा मूळ अर्थ.

शेवटची फेरी, पाच गुण. ह-स-ल तिन्ही साच्यांत घाला. तिसरा झाला. दुसऱ्यात: महसूल, म्हणजे वसूल झालेलं. पहिल्यात ‘हासील’ येतो, तो मराठीत झिजला आहे. इशारा एकच: काम फुकट गेलं की मोठी माणसं विचारतात, “यात काय…?”

उत्तर: हशील.