काका, हे तुमचं रोजचं पेटीचं वेळापत्रक (पुढचे आठ आठवडे)

काका, मागच्या क्लासला म्हणालात ना की घरी पेटी उघडून बसलं की नक्की काय आधी वाजवायचं तेच कळत नाही आणि मग अर्धा तास त्याच गाण्याच्या मुखड्यात जातो, म्हणून हे सगळं नीट लिहून पाठवतेय. प्रिंट काढून पेटीसमोर चिकटवा. तीन महिन्यांत सूर ओळखीचे झालेत, अंगठा वळतोय, आता रोजची घडी बसली की खूप फरक पडेल.

वेळ सकाळी साडेसहा ते सव्वासात, म्हणजे ४५ मिनिटं. ऑफिसला निघायच्या आधीचीच घ्या कारण रात्री तुम्ही दमलेले असता आणि दमलेली बोटं चुकीच्या सवयी लावून घेतात. आठवड्याला सहा दिवस. रविवारी दोन तास सलग वाजवून बाकीचे दिवस भरून काढता येतील असं मनात आणू नका, बोटांना रोजची आठवण लागते, ती साठवून ठेवता येत नाही.

पहिली ५ मिनिटं फक्त भाता. हो, फक्त भाता, अलंकार नाही काही नाही. पाठ ताठ, खांदे सैल, कपलर असेल तर बंद आणि स्टॉपर एक किंवा दोनच उघडे. पांढरी १ चा सा दाबून धरा आणि मनात १५ आकडे मोजेपर्यंत आवाज एकसारखा ठेवा, ना फुगला पाहिजे ना बारीक झाला पाहिजे. भाता ओढताना बाहेरची हवा आत येते आणि दाबताना ती आतल्या पिशवीत जाते, रीड वाजते ती त्या पिशवीतल्या साठ्यावर, म्हणून प्रत्येक सुराला भाता मारायची गरजच नसते. तुमचं काय होतं सांगू का, सा वाजवला की एक झटका, रे वाजवला की दुसरा झटका, त्यामुळे प्रत्येक सुराच्या सुरवातीला आवाज उसळतो आणि शेवटी मान टाकतो. त्याऐवजी सावकाश अर्धा भाता उघडा, सावकाश दाबा, उजव्या हाताचं आणि डाव्या हाताचं काही नातं नाही असं समजा. मग सा-प, मग सा-सां असे दोन-दोन सूर एकत्र धरून तेच करा. दोन सुरांना हवा जास्त लागते, तिथे लगेच कळतं डावा हात कुठे कमी पडतोय ते.

मग १५ मिनिटं अलंकार आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण खरी मेहनत इथेच आहे. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला एक सूर. सध्या सगळं पांढरी १ पासूनच. बोटं अशी: सा अंगठा, रे दुसरं, ग तिसरं, मग अंगठा खालून नेऊन म, प दुसरं, ध तिसरं, नि चौथं, सां करंगळी. उतरताना करंगळीपासून मागे म वर अंगठा येईपर्यंत, आणि मग तिसरं बोट अंगठ्यावरून टाकून ग, रे दुसरं, सा अंगठा. अंगठा वळताना अख्खं मनगट आणि कोपर उडवू नका, ग वाजत असतानाच अंगठा हळूच म च्या खाली जाऊन थांबलेला असला पाहिजे. मागच्या वेळी मी तुमच्या कोपराला हात लावून धरला होता ना, तेव्हा तोच पलटा एकदम स्वच्छ आला होता, आठवतंय? घरी कोपर बरगडीजवळ सैल ठेवून बघा.

पहिला अलंकार साधा आरोह-अवरोह, चार वेळा. दुसरा सासा रेरे गग मम, यात एकच पट्टी दोनदा दाबताना बोट पूर्ण वर उचलायचं नाही, पट्टी जेमतेम वर आली की परत दाबायची. तिसरा सारेग रेगम गमप मपध पधनि धनिसां आणि उलटा सांनिध निधप धपम पमग मगरे गरेसा. हा तिसरा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो तीन प्रकारे करायचाय: आधी प्रत्येक तुकडा १-२-३ बोटांनी, मग पूर्ण अलंकार २-३-४ नी आणि मग पूर्ण ३-४-५ नी. ३-४-५ वाला सुरवातीला फार रडवेल, चौथं बोट उचलतच नाही असं वाटेल, करंगळी सरळ ताठ होऊन वर जाईल. जाऊ दे, रागावू नका तिच्यावर, पण वेग तिथे ५० वर आणा आणि करंगळी वाकवून पट्टीच्या जवळ ठेवा. दोन आठवड्यांत चौथ्या बोटाचा आवाज बाकीच्यांइतकाच स्पष्ट यायला लागतो, पण रोज केलं तरच. चौथा अलंकार सारेगम रेगमप गमपध मपधनि पधनिसां, तिसऱ्या आठवड्यापासून. पाचवा साग रेम गप मध पनि धसां, हा पाचव्या आठवड्यापासून, त्याआधी नको.

वेग कधी वाढवायचा याचा एकच नियम, सलग तीनदा न चुकता आलं तर मेट्रोनोम ४ ने वर, एकदा चुकलं तर तिथेच परत आणि सलग दोनदा चुकलं तर ८ ने खाली. काका मला माहितीये तुम्हाला खाली यायला आवडत नाही. पण मोठेपणी शिकताना हेच होतं, डोक्याला अलंकार पाच मिनिटांत कळतो आणि बोटांना तो तीन आठवडे लागतो, मग डोकं कंटाळतं आणि बोटांना पळवतं आणि चुका तशाच पक्क्या होतात. तुमचा गाण्याचा कान इतका चांगला आहे की मला तो असा वाया गेलेला बघवणार नाही. ७२ ला स्वच्छ आलं की मग परत ६० वर येऊन दुगुन, म्हणजे एका ठोक्यात दोन सूर.

पुढची १० मिनिटं थाट. आठवड्याला एकच, सहा दिवस तोच. पहिला आठवडा बिलावल, सगळे शुद्ध. दुसरा कल्याण, फक्त म तीव्र म्हणजे काळी ३, आणि इथे बोटं बदलतात हां, अंगठा काळ्या पट्टीवर न्यायचा नाही म्हणून सा रे ग म ला १-२-३-४ आणि अंगठा वळतो तो प वर, पुढे ध नि सां ला २-३-४. तिसरा खमाज, नि कोमल म्हणजे काळी ५, बोटं बिलावलचीच. चौथा काफी, ग आणि नि कोमल, काळी २ आणि काळी ५. पाचवा भैरव, रे आणि ध कोमल, काळी १ आणि काळी ४. सहाव्या-सातव्या-आठव्यात हेच पाच फिरवून, रोज दोन. आधी त्या त्या थाटाचे सूर पूर्ण, मेट्रोनोमशिवाय, दीर्घ वाजवून मग अलंकार एक आणि तीन त्यात करायचे.

थाट वाजवताना तोंडाने सूर म्हणा, हळू म्हटलं तरी चालेल. नुसती बोटं शिकली तर जागा लक्षात राहतात, सूर नाही.

मग १० मिनिटं ताल आणि तुकडा. तबल्याचं अॅप लावा, तीनताल, लय मध्यम-विलंबित. भूपातला हा छोटा १६ मात्रांचा तुकडा तुमच्यासाठी केलाय, एका मात्रेला एक सूर:

ग ग रे सा | सा रे ग प | ध सां ध प | ग रे सा सा

पहिला ग बरोबर समेवर पडला पाहिजे. सुरवातीला एक आवर्तन नुसतं हाताने टाळी-खाली मोजा, दुसरं तोंडाने म्हणा, तिसऱ्याला वाजवा. भूपात म आणि नि नाहीत, त्यामुळे ग नंतर उडी थेट प वर जाते, बोट घसरून म ला लागू देऊ नका, तो लागला की लगेच कळतं. तिसऱ्या आठवड्यापासून हाच तुकडा झाला की दादऱ्यात ६ मात्रांचे सारेग पधसां, सांधप गरेसा वाजवा, म्हणजे सहाचं वजन पण अंगात येतं. तुम्हाला ज्या गाण्याचा मुखडा वाजवायचाय तो चौथ्या आठवड्यानंतर या १० मिनिटांत येऊ शकतो, पण शेवटची पाचच मिनिटं, हे मी मुद्दाम लिहितेय कारण तो आधी घेतलात तर बाकी काही होणार नाही.

शेवटची ५ मिनिटं कान. आधी पेटी नाही वाजवायची, अॅपवर तानपुरा लावायचा, पांढरी १, डोळे मिटून सा लावायचा, मग सारेगप हे म्हणून बघायचे. मग एक सूर मनात म्हणा आणि पेटीवर तो पहिल्याच बोटात सापडतो का बघा. एक गोष्ट जाणवेल, तानपुऱ्यासोबत मनापासून म्हटलेला शुद्ध ग पेटीच्या ग पेक्षा किंचित खाली बसतो. तुमचं चुकत नाहीये, पेटीचे सूर बारा सारख्या भागांत बसवलेले असतात म्हणून तसं होतं. म्हणूनच रोज थोडं पेटीशिवाय गायला पाहिजे, नाहीतर कान पेटीचाच होऊन बसतो.

ज्या दिवशी उशीर झाला असेल त्या दिवशी १५ मिनिटांचं करा, तीन मिनिटं भाता, आठ मिनिटं तिसरा अलंकार, चार मिनिटं तो भूपाचा तुकडा, बाकी सोडा. आणि मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर लगेच थांबा, त्या दिवशी फक्त कानाची पाच मिनिटं. दुखण्यावरून वाजवत राहणं मला अजिबात मान्य नाही. खुर्चीवर बसून वाजवत असाल तर पेटी एवढ्या उंचीवर हवी की कोपर काटकोनापेक्षा थोडा जास्त उघडा राहील.

उठताना सगळे स्टॉपर बंद, भाता मिटून कडी लावलेली, पेटीवर कापड. स्टॉपर बंद असताना भाता ओढत बसू नका, आतल्या चामड्यावर विनाकारण ताण येतो.

रविवारी सराव नाही, पाहिजे ते वाजवा, चुकत वाजवा, मजा करा.

दर गुरुवारी संध्याकाळी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवा, तिसरा अलंकार ३-४-५ बोटांनी, ज्या वेगाला स्वच्छ येतोय त्याच वेगाला, आणि फोन अशा जागी ठेवा की मला तुमची करंगळी दिसेल.