ठिबक संचाच्या डिलिव्हरीला झालेल्या उशिराबद्दल

दि. २१ मे
विषय : वसमत येथील २ एकर हळदीचा ठिबक संच, ऑर्डर दि. ४ मे

मा. पाटील साहेब,
स. न. वि. वि.

तुमचा संच १६ मेला शेतावर पोहोचेल असा शब्द आम्ही दिला होता. आज २१ तारीख झाली, तरी माल जळगावच्या गोदामातच आहे. या उशिराबद्दल आम्ही तुमची मनापासून माफी मागतो. १७ तारखेला तुम्ही बोलावलेले चार मजूर काम न होता परत गेले आणि माल कुठे आहे हे विचारायला फोनही तुम्हालाच करावा लागला. माल निघणार नाही हे आम्हाला १५ तारखेलाच समजले होते. त्याच दिवशी कळवायला हवे होते, ते आम्ही केले नाही.

उशिराचे कारण असे. ऑर्डर घेतली त्या दिवशी कॉम्प्युटरवर १६ मिमी, ४० सेंमी अंतराच्या, ताशी २ लिटरच्या इनलाइन नळीचे १४ बंडल शिल्लक दिसत होते. त्यावरून तारीख दिली, पण बंडल तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवले नाहीत. तुमची पूर्ण रक्कम १२ मेला जमा झाली. तोपर्यंत त्यातले ७ बंडल दुसऱ्या ऑर्डरला गेले होते, आणि पैसे जमा झाल्यावर साठा पुन्हा मोजायचा राहून गेला. गाडी भरायला घेतली तेव्हा कमतरता लक्षात आली. यात वाहतूकदाराचा किंवा कारखान्याचा दोष नाही. चूक आमच्या डिस्पॅच विभागाची आहे.

६० सेंमी अंतराची नळी गोदामात होती, पण ती आम्ही मुद्दाम पाठवली नाही. तुमची लागवड गादीवाफ्यावर आहे. ड्रिपर इतके लांब गेले तर दोन ड्रिपरच्या मधला पट्टा कोरडा राहू शकतो आणि तिथली उगवण मागेपुढे होते. लागवड झाल्यावर नळी बदलणे त्याहून त्रासाचे.

आता माल दोन टप्प्यांत येईल. पहिल्या टप्प्यात ७ बंडल, फिल्टर, व्हेंच्युरी, दोन्ही व्हॉल्व्ह, सगळी फिटिंग आणि दोन्ही एकरांचा ६३ मिमी सबमेन पाइप आहे. सबमेन मुद्दाम पूर्ण पाठवत आहोत, म्हणजे चर एकदाच खोदावा लागेल. हा माल आज रात्री आमच्याच टेम्पोने निघेल आणि उद्या, २२ मेला सकाळी ११ पर्यंत शेतावर उतरेल. निघताना ड्रायव्हरचा नंबर आणि बिल्टीचा फोटो याच नंबरवर पाठवतो.

५ फुटी गादीवाफ्याला एकरी सुमारे २,७०० मीटर नळी लागते. ४०० मीटरचे ७ बंडल म्हणजे २,८०० मीटर, त्यामुळे विहिरीकडचा एक एकर पूर्ण होईल. दुसरा व्हॉल्व्ह बंद ठेवून त्या एकराला लगेच पाणी देता येईल. एका सेक्शनला ताशी साधारण १३,५०० लिटर लागतील, आणि सोबतचा २० घनमीटरचा फिल्टर त्याला पुरेसा आहे. बेणे तयार असेल तर त्या एकराची लागवड थांबवू नका.

उरलेले ७ बंडल २८ मेला संध्याकाळपर्यंत पोहोचतील. ते आज तुमच्या ऑर्डरचे लेबल लावून उत्पादनाच्या यादीत घेतले आहेत. दोन्ही दिवशी आमचा फिटर जोडणीला येईल, त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

माल उतरवताना सही करण्याआधी बंडल मोजा आणि प्रत्येक नळीवरचा छाप वाचा : १६ मिमी, ४० सेंमी, २ लिटर. यात फरक दिसला तर तो बंडल उतरवूच नका, बिल्टीवर तसे लिहा आणि फोन करा. जोडणी झाल्यावर शेवटची टोके उघडी ठेवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत नळ्या धुऊन घ्या आणि मगच एंड कॅप बसवा. पाइप कापताना पडलेला पीव्हीसीचा चुरा आत राहिला तर ड्रिपर पहिल्याच आठवड्यात बुजतात.

तुमच्याकडून घेतलेले वाहतुकीचे ३,२०० रुपये, परत गेलेल्या मजुरांचे २,००० रुपये आणि ८४,००० च्या बिलावर ५ टक्के म्हणजे ४,२०० रुपये, असे एकूण ९,४०० रुपये २३ मेपर्यंत तुमच्या बँक खात्यात जमा होतील. पुढच्या खरेदीत वळते करण्याची अट नाही.

दुसऱ्या टप्प्यासाठी २८ तारखेपर्यंत थांबणे परवडणार नसेल तर तेवढी ऑर्डर रद्द करा. त्या ७ बंडलांची पूर्ण रक्कम दोन दिवसांत परत करू. त्यामुळे वरच्या ९,४०० रुपयांत काही कपात होणार नाही. काय ठरवले ते उद्या माल उतरवताना फिटरला सांगितले तरी चालेल.

आपला,
व्यवस्थापक, डिस्पॅच विभाग
जळगाव