आबांसाठी: उत्तरकार्याच्या दिवशी वाचायचं मनोगत

जमलेल्या सर्वांना नमस्कार. एडिसन आणि लेस्टरहून फोनवर ऐकणाऱ्या मंडळींनाही. इंग्रजी प्रत काल पाठवली आहे. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबेन, तेवढ्यात मुलांना तो वाचून दाखवा.

आबा आमच्या वडिलांचे वडील. वयाच्या 86व्या वर्षी, पहाटे, घरीच गेले. इंग्रजीत आईचे वडील आणि वडिलांचे वडील एकाच शब्दात बसतात, म्हणून तिथे नातं फोडून लिहिलंय. आजीनं कधी त्यांचं नाव घेतलं नाही. "हे जेवले का?" एवढंच. त्या 'हे'च्या जागी 'माय हजबंड' लिहिलं तर आजीचा आवाजच जातो. म्हणून 'हे' तसंच ठेवलं आणि शेजारी अर्थ दिला.

आबा गुळव्या होते. हाही शब्द इंग्रजी प्रतीत तसाच आहे, कारण 'गूळ बनवणारा' म्हटलं की काहिलीजवळचा अधिकार त्यात येत नाही. ऊस कुणाचाही असो, गुऱ्हाळ कुणाचंही असो, काहील कधी उतरवायची हे गुळव्याच ठरवतो.

चुलवाणात चिपाडं घातली, रस तापू लागला की आबा रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचं चिकट पाणी त्यात सोडायचे. मळी वर येते. ती खळखळून उकळी फुटायच्या आत काढावी लागते, नाहीतर पुन्हा रसात मिसळते आणि गूळ काळवंडतो. चुना जास्त पडला तरी रंग जातो. कमी पडला तर ढेप नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. पाक साधारण 118 अंशांना येतो. आबांनी तापमापक कधी हातात धरला नाही. थंड पाण्यात थेंब सोडायचे, बोटांत गोळी करायची. पसरली तर आणखी जाळ हवा, कडक झाली तर उशीर झाला. दाबली तरी गोळीच राहिली की हाक यायची, "उतरा!" त्या हाकेला सगळे धावायचे. काहील वाफ्यात रिती व्हायची, मग घोटणं, मग साचे.

पांढरा-पिवळा गूळ बाजारात जास्त भाव घेतो, पण रंगासाठी पावडर टाकायला आबांनी ठाम नकार दिला. दिवाळी पाडव्याला शाहू मार्केट यार्डात सौदे निघायचे, तेव्हा त्यांची ढेप शेजारच्या ढेपेहून तांबूस दिसायची. भाव कमी मिळाला तरी ते वाद घालत नसत. ढेपेचा तुकडा फोडून व्यापाऱ्याच्या हातावर ठेवायचे.

आज पानात वाढलेला गूळ त्यांच्या शेवटच्या हंगामातला आहे. परदेशातल्या प्रत्येक घरासाठी अर्धा किलो बांधून ठेवलाय. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रीजमधून आत-बाहेर करू नका, ओल धरेल.