साठवण भिंतींवर होते: धातु-सेंद्रिय चौकटींतील रंध्रे आणि लिंकर

धातूच्या गाठी लिंकर नावाच्या सेंद्रिय रेणूंनी जोडून बनलेल्या सच्छिद्र स्फटिकाला धातु-सेंद्रिय चौकट, थोडक्यात मॉफ, म्हणतात. त्यांपैकी मॉफ-५ या पदार्थाचा एकक कोश, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, सुमारे २५.८ अँगस्ट्रॉम बाजूचा घन असतो. त्यात Zn₄O च्या आठ गाठी असतात. प्रत्येक गाठीतून सहा दिशांना टेरेफ्थॅलेटचे लिंकर निघतात, पण प्रत्येक लिंकर दोन गाठींमध्ये वाटलेला असल्यामुळे एका गाठीच्या वाट्याला तीनच येतात. एक गाठ आणि तीन लिंकर मिळून होणाऱ्या सूत्राचे रेणुवस्तुमान साधारण ७७० भरते. आठ सूत्रांचे वस्तुमान घनाच्या आकारमानाने भागले की घनता मिळते: दर घन सेंटिमीटरला ०.५९ ग्रॅम. झिंकसारखा जड धातू असूनही हा स्फटिक पाण्याहून हलका आहे. (पाण्यात टाकून खात्री करायची सोय मात्र नाही; पाणी झिंक-ऑक्सिजन बंध तोडते आणि चौकट ढासळते.)

एवढ्या पोकळपणामुळे वायू साठतो, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पोकळीच हवी असती तर रिकामी टाकी सर्वांत चांगली ठरली असती. तरीही ठरावीक दाबाला मॉफने भरलेल्या टाकीत रिकाम्या टाकीपेक्षा जास्त मिथेन मावतो. पावडरीने जागा अडवूनसुद्धा हे घडते, कारण वायूचे रेणू भिंतींना चिकटतात. व्हॅन डर वाल्स बलांमुळे भिंतीलगत वायूची घनता द्रवाच्या जवळ जाते. हे अधिशोषण भौतिक असते, बंध तुटत-जुळत नाहीत, म्हणून दाब उतरवला की रेणू सुटतात.

मग प्रश्न उरतो तो भिंतीचा. ग्रॅफाइटचा एकच सुटा थर घेतला तर दोन्ही बाजू मिळून दर ग्रॅमला सुमारे २,९६५ चौरस मीटर पृष्ठफळ निघते. तोच थर कापत कापत एकेकटी षट्कोनी वलये सुटी केली की कडाही उघड्या पडतात आणि आकडा ७,७४५ पर्यंत चढतो. मॉफच्या लिंकरमधील बेंझिन वलये नेमकी अशीच सुटी उभी असतात: दोन टोके कार्बोक्झिलेटने गाठींना बांधलेली, बाकी सगळ्या बाजू वायूसाठी मोकळ्या. हवा आणि ओल टाळून बनवलेल्या मॉफ-५ चे पृष्ठफळ दर ग्रॅमला ३,८०० चौरस मीटरपर्यंत जाते. साध्या सच्छिद्र कार्बनला इथवर पोचणे जड जाते, कारण त्याचे थर एकमेकांवर रचले जातात आणि आतले पृष्ठभाग झाकले जातात.

लिंकर बदलता येतो, हे या कुळाचे खरे बळ. २००२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ओमर याघी यांच्या गटाने मॉफ-५ ची गाठ तशीच ठेवून लिंकर बदलत सोळा चौकटी बनवल्या. सर्वांची जोडणी सारखी, पण रंध्रांचा व्यास ३.८ पासून २८.८ अँगस्ट्रॉमपर्यंत. त्यांतील सहाव्या चौकटीच्या लिंकरवर सायक्लोब्युटेनचे छोटे वलय जोडलेले होते. तिने ३६ ॲटमॉस्फिअर दाबाला, खोलीच्या तापमानाला दर ग्रॅममागे २४० घन सेंटिमीटर मिथेन घेतला. वलयाने रंध्र थोडे अरुंद केले, तरी ही चौकट मूळ मॉफ-५ पेक्षा सरस ठरली.

मोठे रंध्र म्हणजे चांगले रंध्र, हा समज इथेच ढिला पडतो. मिथेनच्या रेणूचा व्यास सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम. रंध्र इतके रुंद झाले की मधोमध तरंगणाऱ्या रेणूला कोणतीच भिंत जवळची राहिली नाही, तर तेवढी जागा साध्या टाकीसारखीच वागते. शिवाय लिंकर लांबवला की दुसरीच अडचण येते: मोकळ्या जागेतून दुसरी चौकट वाढू लागते आणि दोन जाळ्या एकमेकींत गुंततात. त्याच मालिकेतल्या काही लांब लिंकरांच्या चौकटी अशाच गुंतलेल्या निघाल्या.

पृष्ठफळाचे आकडेही जपून वाचावे लागतात. २०१२ मध्ये आलेल्या एनयू-११० या मॉफचे पृष्ठफळ दर ग्रॅमला ७,१४० चौरस मीटर आहे, पण घनता जेमतेम ०.२२. म्हणजे एका घन सेंटिमीटरमागे सुमारे १,६०० चौरस मीटर. मॉफ-५ साठी तोच हिशेब २,२०० च्या पुढे जातो. वाहनाच्या टाकीची जागा मोजून मिळते. तिथे ग्रॅमच्या आकड्यावर भाळलेला माणूस फसतो.

हायड्रोजनच्या बाबतीत भिंतीची ओढच अपुरी पडते. मॉफ-५ च्या भिंतीशी त्याची बांधणी दर मोलला ४ ते ५ किलोज्यूल इतकीच. रेणूंच्या उष्ण हालचालीच्या ऊर्जेचे माप असलेले RT खोलीच्या तापमानाला २.५ किलोज्यूल असते. म्हणून रेणू टिकत नाहीत. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला RT ०.६४ वर उतरते आणि चित्र पालटते. खोलीच्या तापमानाला चालवायचे तर साधारण १५ किलोज्यूलची ओढ हवी, आणि ती नुसत्या बेंझिन वलयांतून येत नाही.

इथे धातूकडे वळावे लागते. एचकेयूएसटी-१ या मॉफमध्ये तांब्याच्या जोड्या चार कार्बोक्झिलेटांनी वल्ह्याच्या चाकासारख्या बांधलेल्या असतात. प्रत्येक तांब्याच्या टोकाला पाण्याचा एक रेणू बसलेला असतो. निर्वातात तापवले की तो निघून जातो आणि निळसर पावडर गडद जांभळी होते. रंग बदलला की तांब्याची जागा मोकळी झाली, हे डोळ्यांनाच दिसते. या उघड्या धातुस्थानांची आणि लहान कप्प्यांची ओढ मिळून हा पदार्थ ६५ बार दाबाला आपल्या आकारमानाच्या २६७ पट मिथेन धरतो. मात्र टाकी अगदी रिकामी होईपर्यंत इंजिन वापरता येत नाही. सुमारे ५ बारखाली दाब गेला की उरलेला वायू आतच अडकतो आणि उपयोगी वाटा १९० पटींच्या आसपास येतो. घट्ट पकड ही दुधारी बाब आहे: भरताना फायद्याची, रिकामे करताना त्रासाची.

यावर मला सर्वांत चतुर वाटणारा उपाय लिंकरच्या वाकण्यात आहे. कोबाल्ट आणि बेंझिन-डायपायराझोलेट या लिंकरची एक चौकट कमी दाबाला मिटलेली असते, त्यामुळे तिच्यात मिथेन जवळजवळ शिरतच नाही. ठरावीक दाब ओलांडला की पायराझोलेटजवळचे सांधे बिजागरीसारखे फिरतात आणि रंध्रे एकदम उघडतात. दाबागणिक किती वायू धरला हे दाखवणाऱ्या समतापी आलेखावर पायरी दिसते. दाब उतरताना चौकट पुन्हा मिटते आणि वायू बाहेर ढकलला जातो. २०१५ मध्ये हिच्यातून सुमारे १९७ पट उपयोगी मिथेन मिळाल्याची नोंद झाली. अधिशोषणात उष्णता सुटते आणि ती टाकी तापवते, पण इथे उघडण्यासाठी लागणारी ऊर्जा तिचा काही भाग आतच जिरवते.

ही पायरी कोणत्या दाबाला यावी, तेही ठरवता येते. लिंकरच्या वलयावर फ्लोरिन किंवा मिथाइल गट बसवले की मिटलेल्या अवस्थेत वलयांमधली आपसातली ओढ बदलते आणि उघडण्याचा दाब सरकतो. स्फटिकांवर बाहेरून यांत्रिक दाब दिला, तरी तो सरकतो. त्यामुळे टाकीत पावडर किती घट्ट ठासायची, हा निर्णयही शेवटी रंध्राच्या रसायनात जाऊन बसतो.