महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून फेटाळलेला आयुर्विम्याचा दावा: एक प्रश्न आणि त्याचे उत्तर

प्रश्न

पंढरपूर येथे हार्डवेअरचे दुकान चालवणारे दत्तात्रय (वय ४६) यांनी ६ जून २०२२ रोजी एका खासगी विमा कंपनीकडे ४० लाख रुपयांच्या मुदत विम्यासाठी प्रस्तावपत्र दिले. प्रस्तावपत्र इंग्रजीत होते. कंपनीच्या एजंटाने दुकानात बसूनच ते भरले, तोंडी तीन-चार प्रश्न विचारले आणि दत्तात्रय यांची सही घेतली. ‘गेल्या पाच वर्षांत रुग्णालयात दाखल झाला होता का किंवा आठवड्याहून अधिक काळ औषधोपचार घेतले का?’, ‘मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे का?’ आणि ‘अन्य कोणती आयुर्विमा पॉलिसी आहे का?’ या तिन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’ असे लिहिलेले आहे.

वस्तुस्थिती वेगळी होती. २०१९ पासून दत्तात्रय मधुमेहाच्या गोळ्या घेत होते, आणि साखर फार वाढल्याने मार्च २०२१ मध्ये ते सोलापूरच्या एका रुग्णालयात चार दिवस दाखल होते. २०२० मध्ये त्यांनी कंबरदुखीसाठी महिनाभर फिजिओथेरपी घेतली होती. शिवाय त्यांच्या नावावर दोन लाखांची एक जुनी पॉलिसी होती.

२० जून २०२२ रोजी पॉलिसी दिली गेली. हप्ता वर्षाला १८,४०० रुपये होता. जून २०२३ चा हप्ता न भरल्याने पॉलिसी बंद पडली. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी थकलेला हप्ता भरून आणि प्रकृतीविषयीचे घोषणापत्र देऊन ती पुन्हा चालू करण्यात आली. हे घोषणापत्र मराठीत होते आणि दत्तात्रय यांनी शाखेत जाऊन ते स्वतःच्या हाताने भरले होते. ‘सध्या मला कोणताही आजार नाही व मी कोणतीही औषधे नियमित घेत नाही’ या वाक्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली होती. त्यानंतरचे दोन्ही हप्ते वेळेवर भरले गेले.

४ जुलै २०२५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पत्नी व नामनिर्देशित व्यक्ती सुनंदा यांनी दावा केला. १४ नोव्हेंबर २०२५ च्या पत्राने कंपनीने कळवले, ‘विमेदाराने मधुमेह, कंबरेचा आजार व अन्य पॉलिसी ही महत्त्वाची माहिती दडवल्याने दावा नाकारण्यात येत आहे व भरलेले हप्ते जप्त करण्यात येत आहेत.’ पत्रासोबत सोलापूरच्या रुग्णालयाने प्रमाणित केलेले डिस्चार्ज कार्ड आणि पंढरपूरच्या एका दवाखान्याच्या केसपेपरची साधी झेरॉक्स आहे. झेरॉक्सवर नाव ‘दत्ता’ आणि वय ५१ असे लिहिलेले आहे. जोखीम तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा अंतर्गत शेराही कंपनीने जोडला आहे: ‘मधुमेह कळला असता तर जादा हप्ता आकारून पॉलिसी दिली असती.’

दावा नाकारणे कायद्याला धरून आहे काय? सुनंदा यांना सल्ला द्या.

उत्तर

विमा अधिनियम, १९३८ चे कलम ४५ आज जसे आहे ते २०१५ च्या दुरुस्तीनंतरचे आहे, आणि या प्रश्नाचा निकाल त्याच शब्दांवर लावायचा आहे. विम्याचा करार परम सद्भावाचा असतो, विमेदाराने जे ठाऊक आहे ते सांगितलेच पाहिजे, हे तत्त्व निर्विवाद आहे. मात्र ते सांगून थांबणारे उत्तर अपुरे ठरते, कारण त्या तत्त्वाचा भंग झाल्यावर कंपनीला काय करता येते आणि काय नाही, हे संसदेने स्वतंत्रपणे लिहून ठेवले आहे.

पहिला मुद्दा तीन वर्षांचा आहे. पॉलिसी जून २०२२ ची आणि मृत्यू जुलै २०२५ चा, म्हणून तीन वर्षे उलटली आणि कंपनीचा हात बांधला गेला, असे घाईत वाटते. तसे नाही. पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची किंवा पूरक विमा जोडल्याची, यांपैकी जी तारीख सर्वांत उशिराची असेल तिच्यापासून तीन वर्षे मोजायची, असे कलम ४५(१) सांगते. जुन्या कलमाखाली दोन वर्षांची मुदत मूळ पॉलिसीपासूनच मोजावी असे सर्वोच्च न्यायालयाने मिठूलाल नायक वि. आयुर्विमा महामंडळ (१९६२) या खटल्यात म्हटले होते, पण पुनरुज्जीवनाचा स्पष्ट उल्लेख करून दुरुस्तीने ती वाट बंद केली आहे. त्यामुळे येथे मुदत ११ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू होते आणि १४ नोव्हेंबर २०२५ चे पत्र तिच्या आत येते. हप्ता चुकल्याने पॉलिसी काही महिने बंद राहिली, एवढ्याने सुनंदा यांच्या हातातील सर्वांत भक्कम ढाल गेली, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

दुसरा मुद्दा एजंटाचा आहे. विमा मिळवून देण्यासाठी बोलणी करणारी व्यक्ती करार घडण्यापुरती कंपनीची प्रतिनिधी मानली जाईल, असे कलम ४५(३) चे स्पष्टीकरण सांगते, आणि मूळ प्रस्तावपत्रापुरता या स्पष्टीकरणाचा सुनंदा यांना काही आधार मिळतो. उलट बाजूने रिलायन्स लाइफ वि. रेखाबेन राठोड (२०१९) हा निकाल आहे. एजंटाने फॉर्म भरला म्हणून सही करणारा आपल्या उत्तरांतून सुटत नाही, असा त्याचा रोख आहे. येथे हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही. पुनरुज्जीवनाचे घोषणापत्र मराठीत होते, दत्तात्रय यांनी ते स्वहस्ते भरले होते, आणि ज्या कागदाच्या आधारे पॉलिसी ‘दिली किंवा पुनरुज्जीवित केली’ त्यातील चुकीच्या विधानाचा कलम ४५(४) विचार करते. रोज गोळी घेणाऱ्याने ‘औषधे घेत नाही’ यापुढे खूण केली, या गोष्टीला एजंटाची सबब चालणार नाही.

आता दडवलेल्या तीन बाबी. कंबरदुखी आणि जुनी पॉलिसी या दोन्ही लवकर निकाली निघतात. सुलभा प्रकाश मोटेगावकर वि. आयुर्विमा महामंडळ (२०१५) या खटल्यात विमेदाराने कंबरेच्या मणक्याचा आजार सांगितला नव्हता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. दडवलेली गोष्ट विमा नाकारला जावा अशा स्वरूपाची नव्हती, म्हणून दावा नाकारणे चूक ठरले. जुन्या पॉलिसीबाबत रेखाबेन यांच्या खटल्यात कंपनीच्या बाजूने निकाल लागला असला, तरी महावीर शर्मा वि. एक्साइड लाइफ (२०२५) मध्ये उघड केलेल्या मोठ्या पॉलिसीच्या तुलनेत न सांगितलेल्या लहान पॉलिसी महत्त्वाच्या ठरल्या नाहीत. दत्तात्रय यांनी एकही पॉलिसी सांगितली नव्हती हा फरक नोंदवला पाहिजे, पण दोन लाखांच्या पॉलिसीमुळे ४० लाखांचा विमा नाकारला गेला असता, असे कोणी म्हणेल असे वाटत नाही.

खरा वाद मधुमेहाचा आहे. पंढरपूरच्या झेरॉक्सला फारसे वजन देता येणार नाही, कारण त्यावरचे वय जुळत नाही, नाव अपुरे आहे आणि ती कोणी शाबीत केलेली नाही. माहिती दडवल्याचा आरोप कंपनीने पुराव्यानिशी सिद्ध केला पाहिजे, हे महाकाली सुजाता वि. फ्यूचर जनराली (२०२४) या निकालाने पुन्हा ठामपणे सांगितले. पण सोलापूरचे डिस्चार्ज कार्ड प्रमाणित आहे, आणि त्याच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. मधुमेह होता, तो दत्तात्रय यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो सांगितला नाही, हे गृहीत धरूनच युक्तिवाद करणे प्रामाणिकपणाचे आणि शहाणपणाचेही आहे.

मग तो ‘महत्त्वाचा’ आहे का? सतवंत कौर संधू (२००९) या निकालातील कसोटी लावली तर होय, कारण विमा स्वीकारायचा की नाही किंवा हप्ता किती ठेवायचा यावर सुज्ञ विमा कंपनीच्या निर्णयावर जी गोष्ट परिणाम करील ती महत्त्वाची, अशी ती कसोटी आहे. कंपनी तिच्यावरच भर देईल. परंतु कलम ४५(४) च्या स्पष्टीकरणाचे शब्द याहून अरुंद आहेत. दडवलेल्या गोष्टीचा जोखमीशी थेट संबंध असला पाहिजे, आणि ती कळली असती तर विमेदाराला आयुर्विमा पॉलिसी दिलीच गेली नसती हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. ‘जादा हप्ता घेतला असता’ असे त्या स्पष्टीकरणात कोठेही नाही. हा फरक शब्दच्छल नव्हे. मधुमेही माणसाला विमा मिळतो, तो महाग मिळतो, आणि कंपनीच्या स्वतःच्या अधिकाऱ्याने नेमके तेच लिहून ठेवले आहे. ज्या कागदाने कंपनी आपली बाजू भक्कम करू पाहते, त्याच कागदाने कलमाने घातलेली अट तिच्याकडून पुरी होत नाही असे सिद्ध होते. मोटेगावकर निकालातील विचारही याच दिशेने जातो.

याविरुद्ध असे म्हणता येईल की, ज्या हप्त्यावर पॉलिसी दिली त्याच हप्त्यावर ती दिली गेली नसती, आणि तेवढे पुरेसे आहे. हा अर्थ ओढूनताणून काढलेला नाही, आणि ग्राहक आयोग तो स्वीकारणारच नाही अशी खात्री सुनंदा यांना देणे योग्य होणार नाही. माझ्या मते मात्र कलमाचा साधा अर्थ त्यांच्या बाजूचा आहे. हप्ता कमी आकारला गेल्याचे नुकसान आणि ४० लाखांचे पूर्ण संरक्षण काढून घेणे यांत मोठे अंतर आहे, आणि ‘पॉलिसी दिली गेली नसती’ हे शब्द निवडताना संसदेने ते लक्षात घेतले असे मानणे वाजवी आहे.

मृत्यू हृदयविकाराने झाला आणि मधुमेहाचा त्याच्याशी संबंध जोडता येतो, हे खरे. तथापि कलम मृत्यूच्या कारणाविषयी काही म्हणत नाही, त्याचा रोख पॉलिसी देतानाच्या जोखमीवर आहे. म्हणून या मुद्द्यावर दोन्ही पक्षांनी सर्व भिस्त ठेवू नये.

हप्ते जप्त करण्याचा भाग तर उघडच बेकायदा आहे. पत्रात कपटाचा शब्दही नाही, केवळ माहिती दडवल्याचे कारण आहे. अशा वेळी कलम ४५(४) च्या परंतुकानुसार भरलेले सर्व हप्ते दावा नाकारल्यापासून ९० दिवसांत, म्हणजे १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत परत केले पाहिजेत. चार हप्त्यांचे ते ७३,६०० रुपये होतात. पुढे तक्रारीला उत्तर देताना कंपनीला कपटाचा नवा आरोप उभा करता येणार नाही, कारण नकाराच्या पत्राबाहेरची कारणे नंतर घेता येत नाहीत, असे गलाडा पॉवर (२०१६) या निकालात म्हटले आहे.

सुनंदा यांच्यापुढे दोन वाटा आहेत. आधी कंपनीकडे लेखी हरकत नोंदवून मुदतीत विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला खर्च नाही, पण साक्षीपुराव्याची सखोल छाननी तेथे होत नाही. येथे अधिकाऱ्याचा शेरा तपासला जाणे निर्णायक असल्याने सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करणे अधिक हिताचे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली आयोगाची अधिकारमर्यादा दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे हप्त्यांवर मोजली जाते, त्यामुळे ४० लाखांचा दावा तेथे चालतो आणि मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. कलम ६९ नुसार मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीत ४० लाख रुपये व्याजासह मागावेत, पर्यायी मागणी म्हणून हप्त्यांचा परतावा लिहावा, आणि त्याच दिवशी अर्ज देऊन कंपनीची २०२२ व २०२३ ची मधुमेहाविषयीची जोखीम-तपासणी नियमावली हजर करण्याचा आदेश मागावा.