सेशन कमी करतोय त्याची नोटीस, आणि पेशंट कसे सोपवायचे ते

प्रशांत,

फोनवर अर्धं बोलणं झालंच आहे आपलं, पण डीडमधे दोन महिन्यांची लेखी नोटीस लिहिली आहे म्हणून हे नोटीसच समज. आज 30 सप्टेंबर 2025. 1 डिसेंबरपासून मी आठवड्यात फक्त दोन सेशन करणार, बाजाराचा मंगळवार सकाळ ते संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ. बाकीच्या सकाळ-संध्याकाळच्या ओपीडी बंद. रात्रीचा कॉलसुद्धा त्या दोन दिवसांपुरताच. कारण तुले माहीत आहे, बाबांचा पॅरालिसिस, उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट, आई एकटी उचलू शकत नाही आणि फिजिओ वर्ध्यालाच रोज होतो. पार्टनरशिप सोडून नाही राहिलो, सेशन कमी करून राहिलो, हे गावात कोणी विचारलं तर असंच सांगायचं, नाहीतर चहाच्या टपरीवर आठ दिवसांत दवाखाना विकला अशी बातमी होते.

दोन महिने मुद्दाम पुरे घेतले. आता फवारणी सरत आली, सोयाबीन काढणी चालू आहे, मग दिवाळी, मग कापूस वेचणी, या दिवसांत जुने पेशंट तसेही येत नाहीत, मजुरी बुडते म्हणतात, गोळ्या संपल्या तरी पंधरा दिवस तसेच राहतात. म्हणजे ज्यांना सांगायचं तेच नेमके दिसणार नाहीत. म्हणून बोर्ड लावून होणार नाही, आशाताईंना सांगावं लागेल आणि काही जणांच्या घरी फोन करावा लागेल. फोन मी करतो, रिसेप्शनवरून नको.

माझ्याकडे दर महिन्याला नियमित येणारे बरेच आहेत, त्यातल्या बीपी-शुगरवाल्यांचं काही टेन्शन नाही, फाइल बघून तू चालवशील, मी काय लिहिलं ते वाचता येतं एवढी कृपा माझ्या अक्षरावर आहे. खरा प्रश्न 41 जणांचा आहे. त्यांची यादी वेगळी केली, फाइल नंबरनं, नावं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत नाही, तूही टाकू नको. यादी कागदावर, कपाटाच्या वरच्या खणात, कुलपात. प्रत्येकासमोर एक रकाना आहे, 'घेतला' किंवा 'नाही घेत'. तू सही केल्याशिवाय तो पेशंट माझाच राहील, मंगळवार असो की रविवार. आणि 'नाही घेत' लिहिलं तरी मला राग नाही, मग आपण यवतमाळ मेडिकल नाहीतर सेवाग्रामला रेफर करू, पण ते डिसेंबरच्या आधी झालं पायजे.

सगळ्यात आधी वॉल्ववाले. मेकॅनिकल मायट्रल वॉल्व असलेले चौघं, आयएनआर 2.5 ते 3.5 मधे ठेवायचा. दोघं वॉरफरिनवर, दोघं निकौमॅलोनवर, मेडिकलवाला 'तेच आहे' म्हणून एकाच्या जागी दुसरी देतो, ते होऊ द्यायचं नाही. तुला हिवाळ्याचं सांगून ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत मेथी, पालक, आंबाडी स्वस्त झाली की रोज भाजी होते आणि आयएनआर खाली येतो, डोस न बदलता. म्हणून मी नोव्हेंबरपासून दर पंधरा दिवसांनी करायला लावतो. भाजी बंद करू नको, रोज सारखीच खा म्हणतो. आणि यांना कंबरदुखीसाठी दंडात-कमरेत सुई नाही, डायक्लोफेनॅक तर नाहीच. फाइलवर लाल पेनानं लिहिलंय, पण गावातला बाहेरचा सुईवाला फाइल बघत नसतो, म्हणून घरच्यांनासुद्धा परत एकदा आपण दोघांनी मिळून सांगू.

सिकलसेलची सात मुलं-माणसं हायड्रॉक्सीयुरियावर आहेत. डोस जमलेले पाच जण, त्यांचा सीबीसी दर दोन महिन्यांनी. नवीन सुरू केलेले दोघं, त्यांचा दर चार आठवड्यांनी, न्यूट्रोफिल 2000 च्या खाली किंवा प्लेटलेट 80 हजारांच्या खाली गेले की गोळी थांबवायची आणि आठवडाभरात परत तपासायचं. त्यातली एक मुलगी 19 वर्षांची, लग्नाची बोलणी चालू आहेत, गर्भ राहण्याआधी ही गोळी बंद करावी लागते हे तिला सांगितलं आहे, तिच्या आईला नाही, कारण मुलगी नको म्हणाली. म्हणून तिला तुझ्याकडे आणण्याआधी मी तिलाच विचारणार, डॉक्टर साहेबांना सगळं सांगू का म्हणून. हो म्हणाली तर सांगतो, नाहीतर औषधापुरतंच.

असंच फाइल 118 चं. मिरगीची पेशंट, सासरी माहीत नाही. व्हॅल्प्रोएट बंद करून लेव्हेटिरासेटाम सुरू केलं, आता आठ महिने झटका नाही. ती एकटी येते, बाजाराच्या दिवशी, म्हणून तिला मी मंगळवारीच ठेवतो. पण झटका आला आणि सासरचे उचलून तुझ्याकडे घेऊन आले तर तुला माहीत असावं एवढ्यासाठी लिहिलं, तिच्या परवानगीनं. हे कंपाउंडरपर्यंत जायला नको.

टीबीचे तिघं निक्षयवर आपल्या दवाखान्याच्या नावानं आहेत. दोघं सहा महिन्यांच्या शेवटाकडे, एक नुकताच दुसऱ्या महिन्यात, त्याला डोळ्यांचं विचारायचं दर वेळी, एथॅम्ब्युटॉल चालू आहे म्हणून. पोषणाचे महिन्याचे 1000 रुपये त्याच्या खात्यात आले नाहीत, बँकेचं आधार लिंकिंग अडलंय, ते मी तालुक्याच्या टीबी सुपरवायझरशी बोलून सोडवतो, तू त्यात पडू नको.

मेथोट्रेक्झेटचे सहा. आठवड्यातून एकदाच. मी सगळ्यांना 'फक्त रविवारी' असं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून देतो आणि फॉलिक अ‍ॅसिड बुधवारी. तू वार बदलू नको प्लीज, वार बदलला की म्हातारी माणसं दोन्ही दिवशी खातात. आणि चार गोळ्यांच्या वर एका वेळी देत नाही.

इन्सुलिनवाल्यांत एक घोळ सारखा होतो. व्हायल 40 ची, सिरिंज 100 ची, किंवा उलटं. म्हणून बाटली आणि सुई दोन्ही सोबत घेऊन ये म्हणायचं, तोंडी सांगितलेल्या युनिटवर विश्वास नाही. तिघांकडे फ्रिज नाही, मडक्यात ठेवतात, उन्हाळ्यात रेती ओली करून. चालतं ते, फक्त बाटली पाण्यात बुडू नये. या तिघांना मी महिन्याला एकच व्हायल देतो.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला ते. फाइल 263 आणि 301. दोघंही शेतकरी, कर्ज आहे, मागच्या वर्षी फार वाईट अवस्थेत होते. औषध चालू आहे, बरे आहेत, पण एका वेळी दहा दिवसांच्याच गोळ्या, आणि त्याही घरच्यांच्या हातात. फवारणीचं औषध घराबाहेर, भावाच्या गोठ्यात कुलपात ठेवायला सांगितलं आहे, ते ठेवलंय का ते विचारत जातो. यांना 'आता दुसऱ्या डॉक्टरांकडे जा' असं म्हटलं की सोडून दिल्यासारखं वाटतं. म्हणून मी यांना सोपवत नाही, शनिवारी माझ्याकडेच. तू फक्त तोंडओळख करून घे, म्हणजे मधल्या दिवशी काही झालं तर अनोळखी माणूस समोर नको. यवतमाळच्या मानसोपचार विभागातली तारीख दोघांनाही घेऊन दिली आहे, टेली मानसचा 14416 नंबर त्यांच्या बायकांकडे लिहून दिला आहे.

बाकी हृदयाच्या तापाचे पोरं, पेनिसिलिनची सुई दर 21 दिवसांनी. तू असशील तेव्हाच द्यायची, सिस्टरनं एकटीनं नाही, अ‍ॅड्रेनालिन हाताशी पायजे. तारखा भिंतीच्या कॅलेंडरवर आहेत.

पेंडिंग रिपोर्ट. खर्रा खाणाऱ्या तिघांची तोंडातली बायोप्सी नागपूरला गेली आहे, ती माझी. मी मागवली ती मीच बघणार, मी नसलो तरी. लॅबला सांगितलं की माझ्या मोबाइलवर पण पाठवा. रिपोर्ट येऊन टेबलावर पडून राहिला आणि पेशंट बोरं विकत बसला, असं नको. 1 डिसेंबरनंतर तू जी तपासणी लिहिशील ती तुझी.

फाइलींचं. ओरिजिनल दवाखान्यातच राहतील, निदान तीन वर्षं ठेवायचा नियम आहे, आणि कोणी कॉपी मागितली तर 72 तासांत द्यायची. माझे प्रिस्क्रिप्शन पॅड मी घेऊन जातो, शिक्का पण. मी नसलेल्या दिवशी माझ्या नावाचा कागद कोणाच्या हातात दिसला नाही पायजे. आणि बाहेरच्या बोर्डावर माझ्या नावाखाली वार लिहून घे, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाही, आत्ताच, म्हणजे लोक तोंडानं सांगत फिरतील. मी नसेन तेव्हा कंपाउंडर 'साहेबांनी सांगितलं' म्हणून काही देणार नाही, हे तू त्याला सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकतो.

जोडीनं बसायचं. नोव्हेंबरचे चारही मंगळवार, 4, 11, 18, 25, दुपारी दोन ते पाच, त्या 41 जणांतले जे येतील त्यांना आपण दोघं मिळून बघू. फी एकच. माझ्या खुर्चीवर तू, मी बाजूला. पेशंटनं तुझ्याकडे बघून बोलायला लागलं की काम झालं, अर्ध्या जणांचं दुसऱ्याच मंगळवारी होईल.

माझा फोन मार्चपर्यंत चालू, जुन्यांसाठी. नवीन औषध फोनवर लिहिणार नाही, तुझ्याकडे पाठवीन.

आणि तुझ्यावर लोड येईल हे मला दिसतं. बाजाराचा दिवस सोडला तर तू एकटा, त्यात साप चावलेला, विष प्यायलेला आला की सगळी ओपीडी थांबते. माझं मत विचारशील तर एखादा नुकताच बॉन्ड संपवलेला एमबीबीएस संध्याकाळसाठी घे, त्याचा पगार माझ्या हिश्श्यातून अर्धा, पहिले सहा महिने. भाडं आणि सिस्टरचा पगार सध्यासारखाच निम्मा-निम्मा डिसेंबरपर्यंत, जानेवारीपासून सेशनच्या हिशोबानं, तो आकडा तू आणि सीए बसून काढा, मला मान्य राहील. औषधाच्या उधारीतले माझे पेशंट मी वसूल करतो, ते तुझ्या डोक्यावर नको.

यादी बघून 10 ऑक्टोबरपर्यंत सह्या कर. वॉल्ववाले आणि 118 पहिले बघ, बाकीचे नंतर. काही पटलं नसेल तर रविवारी वर्ध्याहून परत येताना थांबतो, संध्याकाळी सातपर्यंत दवाखान्यातच राहा.

निलेश